रेफरल कोड आणि सवलतीचे कुपन : डब्याच्या व्यवसायातून समजून घेतलेला फरक

जून उजाडला की चोपडा, शिरपूर, शहादा, साक्री अशा गावांतून मुले-मुली शिक्षणासाठी जळगावात येतात. त्यांच्या खोल्या ठरतात न ठरतात तोच घरगुती डबा देणाऱ्यांचे संदेश मोबाईलवर फिरू लागतात. त्यांपैकी पुष्कळ संदेशांत एक ओळ हमखास असते : ‘हा कोड सांगा आणि पहिल्या महिन्यात सूट मिळवा.’ हा कोड सवलतीचे कुपन आहे की जुन्या ग्राहकाने नवा ग्राहक आणल्याची नोंद ठेवणारा रेफरल कोड आहे, हे संदेश वाचून कळत नाही, आणि अनेकदा तो पाठवणाऱ्यानेही ते ठरवलेले नसते. दोन्हींत चार-पाच अक्षरे असतात आणि दोन्हींत ग्राहकाला काही तरी मिळते, त्यामुळे वहीत दोघांची नोंद एकाच रकान्यात होते. महिनाअखेरीस खर्च किती झाला ते दिसते, पण तो कशासाठी झाला हे सांगता येत नाही.

कुपन म्हणजे किमतीतली सूट. ते ज्याच्या हाती पडेल त्याचे असते. पत्रकावर छापले, वर्तमानपत्रात घातले किंवा वसतिगृहाच्या ग्रुपवर टाकले, तरी त्याचे काम एकच, ते म्हणजे सध्या थोड्या कमी दरात घ्या असे सांगणे. कुपनावरून फार तर ग्राहक कोणत्या माध्यमातून आला एवढे कळते. त्यासाठी पत्रकावर एक कोड आणि ग्रुपवर दुसरा कोड दिला की पुरे. रेफरल कोड मात्र एका विशिष्ट जुन्या ग्राहकाचा असतो. नव्याला कोणी सांगितले, सांगणारा अजून आपला ग्राहक आहे का आणि नवा ग्राहक टिकला का, या तीन गोष्टींची नोंद त्याच्या आधारे ठेवता आली पाहिजे. यांपैकी एकही नोंद ठेवली जात नसेल, तर कागदावर रेफरल असे लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ते कुपनच असते.

फरक पैशांत पाहू. समजा जळगावात एक ताई घरून डबे देतात. महिन्याला सव्वीस डबे, दर 2,600 रुपये, म्हणजे एक डबा शंभर रुपयांचा. किराणा, भाजी, गॅस आणि पोहोचवणे धरून एका डब्याचा खर्च 65 रुपये येतो. म्हणजे एका ग्राहकामागे महिन्याला 910 रुपये उरतात. आता त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला कुपनाचा : पहिल्या महिन्यात तीनशे रुपये सूट. दुसरा रेफरलचा : सांगणाऱ्याला तीन डबे मोफत आणि नव्यालाही तीन डबे मोफत, मात्र नव्याने दुसऱ्या महिन्याचे पैसे भरल्यावरच. ग्राहकाच्या नजरेत तीनशे रुपयांची सूट आणि तीन डबे यांची किंमत सारखीच आहे. ताईंच्या दृष्टीने मात्र तीनशे रुपये पूर्ण तीनशेच जातात, तर तीन डब्यांना 195 रुपये पडतात. बक्षीस आपल्याच मालात देण्याचा हा फायदा मोठ्या कंपन्यांनीही ओळखलेला आहे. ड्रॉपबॉक्सने आपल्या सुरुवातीच्या वर्षांत मित्राला आणणाऱ्यालाही आणि येणाऱ्यालाही रोख पैसे न देता जादा साठवणूक दिली, कारण त्यांना ती देणे स्वस्त होते आणि घेणाऱ्याला तिची खरी गरज होती.

यापेक्षा महत्त्वाचा भाग पुढे आहे. समजा गेल्या जुलैत कोणतीही योजना नसताना वीस नवे ग्राहक आले होते आणि त्यांपैकी आठ जणांनी मित्राने सांगितले असे म्हटले होते. या जुलैत रेफरल सुरू केले, तेव्हा चोवीस आले आणि त्यांपैकी बारा कोड घेऊन आले. हे बाराही जण दुसऱ्या महिन्यापर्यंत टिकले असे धरले, तर प्रत्येक जोडीमागे सहा डबे, म्हणजे 390 रुपये आणि एकूण 4,680 रुपये खर्च झाला. वहीत पाहिले तर एक ग्राहक 390 रुपयांत मिळाला असे दिसते. पण आठ जण तर काही न देताही मित्राच्या सांगण्यावरून येतच होते. योजनेमुळे वाढले ते फार तर चार, त्यामुळे वाढलेल्या एका ग्राहकाचा खरा खर्च 1,170 रुपये झाला. महिन्याला 910 रुपये उरत असतील, तर हा खर्च दुसऱ्या महिन्यात भरून निघतो, आणि मुले परीक्षेपर्यंत राहत असतील तर योजना चालवण्यासारखी आहे. याच ठिकाणी सर्वांसाठी कुपन दिले असते आणि तेवढेच चोवीस ग्राहक आले असते, तर सूट चोवीसही जणांना द्यावी लागली असती. म्हणजे 7,200 रुपये, आणि वाढलेल्या प्रत्येक ग्राहकामागे 1,800. शिवाय ती सूट पहिल्याच दिवशी द्यावी लागली असती, ग्राहक टिकेल की आठवड्यात सोडून जाईल हे कळण्याच्या आधी.

या हिशेबासाठी एक पूर्वअट आहे आणि बहुतेक जण ती पाळत नाहीत. योजना नसतानाही प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कोणी सांगितले?’ असे विचारून उत्तर लिहून ठेवायला हवे. ती जुनी नोंद नसेल, तर वाढ किती झाली ते पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने काढता येणार नाही. तुलनाही जुलैची जुलैशी करावी. मे महिन्यात गाव रिकामे असते, त्याच्याशी जुलैची तुलना केली तर कोणतीही योजना यशस्वी दिसेल.

आता स्वस्तात नोंद कशी ठेवायची ते पाहू. शंभर-दीडशे ग्राहकांसाठी महिन्याचे भाडे आकारणारे ॲप घेण्याची गरज मला दिसत नाही, गुगल शीटचे एक पान पुरते. कोड म्हणून मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे वापरण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, पण ती टाळावी. चार आकड्यांचे दहा हजारच प्रकार होतात, आणि ग्राहक 120 असतील तर त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचे शेवटचे चार आकडे सारखे निघण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. मग बक्षीस भलत्याच्या नावावर जाते आणि मैत्री राहते बाजूला, वादच उभा राहतो. त्याऐवजी प्रत्येक जुन्या ग्राहकाला क्रमाने K01, K02 असा कोड द्यावा आणि ओळख पटवण्यासाठी पूर्ण दहा आकडी नंबर ठेवावा. नंबर लिहिताना आधीचे +91 आणि मधली मोकळी जागा काढून टाकावी, नाहीतर तोच माणूस शीटमध्ये दोन वेगळे ग्राहक म्हणून बसतो.

पानावर सहा रकाने पुरतात : A मध्ये ग्राहकाचा स्वतःचा कोड, B मध्ये मोबाईल, C मध्ये सुरुवातीची तारीख, D मध्ये ज्याने सांगितले त्याचा कोड, E मध्ये दुसऱ्या महिन्याचे पैसे जमा झाल्याची तारीख आणि F मध्ये बक्षीस दिल्याची तारीख. K27 या ग्राहकाची किती बक्षिसे देणे बाकी आहे, ते या सूत्राने कळते :

```
=COUNTIFS(D:D,"K27",E:E,">0",F:F,"")
```

नवा म्हणून आलेला नंबर आधीच यादीत आहे का, ते पाहण्यासाठी त्याच्या ओळीत पुढील सूत्र लिहावे. उत्तर एकापेक्षा जास्त आले, तर तो जुनाच ग्राहक आहे. (दुसऱ्या ओळीतील ग्राहकासाठी B2, तिसऱ्यासाठी B3, याप्रमाणे.)

```
=COUNTIF(B:B,B2)
```

राहिला प्रश्न कोड आपल्यापर्यंत पोहोचण्याचा, कारण तोंडी सांगितलेला कोड अर्धे लोक विसरतात. व्हॉट्सॲपची एक साधी लिंक हे काम फुकट करते. आपल्या व्यवसायाचा नंबर आणि जुन्या ग्राहकाचा कोड घालून ती तयार करावी आणि त्या ग्राहकाला पाठवावी :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=K27
```

त्याने ती मित्राला पुढे पाठवली आणि मित्राने उघडली, की ताईंच्या नंबरवरील संभाषण उघडते आणि त्यात K27 आधीच लिहिलेले असते. मित्राने फक्त पाठवायचे. संदेश आला की ताईंकडे कोड आणि नवा मोबाईल नंबर दोन्ही एकदम आले. नंबरपुढे शून्य किंवा अधिक चिन्ह लावू नये, एवढी काळजी घ्यावी.

रेफरल कोडचे नकळत कुपन कधी होते, तर एखादा विद्यार्थी आपली लिंक शंभर जणांच्या वसतिगृहाच्या ग्रुपवर टाकतो तेव्हा. हे शीटमध्ये लगेच दिसते : एकाच कोडवर एकाच दिवशी सात-आठ जण येतात आणि विचारल्यावर त्यांना सांगणाऱ्याचे नावही सांगता येत नाही. यात त्या विद्यार्थ्याने काही वाईट केले असे नाही, त्याने जाहिरात केली. पण त्या ओळखीला मित्राच्या शब्दाचे वजन नसते आणि असे ग्राहक दुसऱ्या महिन्यात गळतात, असा माझा समज आहे. म्हणून एका कोडवर महिन्याला तीन बक्षिसांची मर्यादा आधीच सांगून ठेवावी आणि बक्षीस देण्यापूर्वी जुन्या ग्राहकाला एक ओळ पाठवावी : ‘तुमच्या नावाने अमुक यांनी डबा लावला आहे, बरोबर ना?’

दुसरा बिघाड ओळखायला अधिक अवघड आहे. जुना ग्राहक डबा बंद करतो आणि त्याच खोलीवर भावाच्या नंबरवरून नवा ग्राहक सुरू होतो, सांगणारा म्हणून जुन्याचाच कोड असतो. केवळ पत्ता सारखा म्हणून असा अर्ज नाकारणे चुकीचे ठरेल, कारण एका खोलीत तीन-चार मुले राहतात आणि खोलीतल्या सोबत्याने सांगणे हेच सर्वांत खरे रेफरल असते. फरक ओळखण्याची जागा वेगळी आहे. नव्याने दुसऱ्या महिन्याचे पैसे भरले त्या दिवशी सांगणाऱ्याचा डबा चालू आहे का, एवढेच पाहावे. दोन्ही डबे चालू असतील तर बक्षीस, एकच असेल तर नाही. हा नियम सुरुवातीच्या संदेशातच लिहिलेला असला, की नंतर कोणावर संशय घेऊन बोलावे लागत नाही.

बक्षीस एकाच पायरीपर्यंत ठेवावे. K27 ने आणलेल्या ग्राहकाने पुढे तिसरा आणला, तर त्याचा वाटा K27 ला देऊ नये, मागणी झाली तरीही. नवे लोक भरती करण्याबद्दल वरच्या साखळीला पैसे पोहोचू लागले, की योजना पिरॅमिडच्या वाटेने जाते. अशा योजनांना थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांत मनाई आहे आणि पैसे फिरवण्याच्या साखळी योजनांवर 1978 पासून बंदीचा कायदा आहे.

कुपनाचीही स्वतःची जागा आहे आणि ती रेफरलने भरून निघत नाही. दिवाळीच्या सुटीनंतर मुले एकदम परततात, तेव्हा कोणी कोणाला सांगण्याआधीच प्रत्येक जण डबा शोधत असतो. त्या आठवड्यात पत्रकावर पंधरा दिवस मुदतीचे कुपन द्यावे, त्यावर भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा शुक्रवारचा बेतही छापावा, आणि शीटमध्ये D रकान्यात K च्या जागी P01 असा पत्रकाचा कोड लिहावा. त्यामुळे मित्रामार्फत आलेले आणि पत्रक पाहून आलेले ग्राहक एकाच पानावर राहूनही वेगळे मोजता येतात, आणि E रकान्यातील तारखा पाहून दोन्हींपैकी कोण अधिक टिकले हे जानेवारीत कळते.