शाळकरी मुलांची वारंवार होणारी पोटदुखी

शाळकरी मुलाचे पोट अधूनमधून महिनोन्‌महिने दुखत राहते. मधल्या वेळात मूल व्यवस्थित खेळते-खाते आणि तपासण्यांत कोणताही आजार सापडत नाही. अशा दुखण्याला कार्यात्मक किंवा फंक्शनल पोटदुखी म्हणतात. या वयातल्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीत हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली आणि नोरा नेश यांनी १९५८ मध्ये १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी ठरवलेली व्याख्या साधी होती: निदान तीन महिन्यांच्या काळात कमीत कमी तीनदा दुखणे, आणि तेही मुलाच्या रोजच्या व्यवहारात अडथळा येईल इतके. या व्याख्येत साधारण दहातले एक मूल बसले, आणि त्यातल्या फारच थोड्यांना शारीरिक आजार निघाला. २०१६ च्या ‘रोम ४’ या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांत या दुखण्याचे प्रकार दिले आहेत. शौचाच्या सवयी बदलल्या असतील तर आतड्याची चिडचिड, पोटाच्या वरच्या भागात जळजळ किंवा लवकर पोट भरल्यासारखे वाटत असेल तर अपचन, मळमळ व फिकटपणासह तासन्‌तास दुखत असेल तर पोटाची अर्धशिशी, आणि यांपैकी कशातच न बसणारी ती नुसती कार्यात्मक पोटदुखी.

आतडे आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत निरोपांची ये-जा चालू असते. आतड्यात वायू सरकला, अन्न पुढे ढकलले गेले, तरी एरवी ते कळत नाही. या मुलांमध्ये मात्र तेवढाच ताण वेदना म्हणून जाणवतो. खपली नुकतीच पडलेल्या जागी सदऱ्याचा स्पर्शही झोंबतो. जखम भरलेली असते, पण कातडी हळवी राहिलेली असते. तसेच हे. जुलाब-उलट्यांच्या संसर्गानंतर असा हळवेपणा मागे राहू शकतो. काळजी, अपुरी झोप किंवा शाळेतला ताण त्यात भर घालतो. म्हणून ‘दुखणे मनाचे आहे’ हे म्हणणे चूक आहे. वेदना खरी असते आणि पोटातच जाणवते.

एक नमुनेदार उदाहरण घेऊ. नऊ वर्षांच्या मुलीचे पोट चार महिन्यांपासून आठवड्यातून दोन-तीनदा दुखते, बहुतेक वेळा सकाळी. ती पोट धरून वाकून बसते, चेहरा उतरतो, अर्ध्या-पाऊण तासात बरे वाटते. या काळात शाळेचे अकरा दिवस बुडाले आहेत. ‘कुठे दुखते ते एका बोटाने दाखव’ म्हटले की ती बेंबीभोवती अख्खा तळवा फिरवते. बेंबीभोवतीचे दुखणे बहुधा कार्यात्मक असते आणि बेंबीपासून जितके दूर तितका शारीरिक आजाराचा संशय जास्त, हे ॲप्ली यांचे निरीक्षण आजही उपयोगी पडते. अर्थात केवळ त्यावर विसंबता येत नाही.

यानंतरचा प्रश्न शौचाचा, आणि तो मुलीलाच विचारायचा. या वयात आई-वडिलांना त्यातले फारसे माहीत नसते, आणि शाळेतले शौचालय टाळणारी मुले कमी नाहीत. खडे पडत असतील, जोर करावा लागत असेल तर आधी बद्धकोष्ठतेचा उपचार करून पाहायचा. त्याने दुखणे थांबले तर कारण तेच होते. या मुलीला रोज मऊ शौच होते. मग वजन आणि उंची, आजची आणि वर्षापूर्वीची. या मुलीची उंची वर्षात पाच सेंटिमीटर आणि वजन अडीच किलोने वाढले आहे. आतड्यात दीर्घकाळ दाह असलेल्या मुलांची वाढ अनेकदा मंदावते, म्हणून एखाद्या महागड्या तपासणीपेक्षाही वाढीचा तक्ता जास्त सांगून जातो.

पुढची लक्षणे असतील तर मात्र कार्यात्मक म्हणून सोडून देता येत नाही: वजन घटणे किंवा वाढ खुंटणे, शौचातून रक्त, झोपेतून उठवणारे दुखणे किंवा रात्रीचे जुलाब, वारंवार उलट्या, गिळताना त्रास, कारण न कळणारा ताप, सांधे सुजणे, गुदद्वाराजवळ फोड किंवा जखमा, सतत उजव्याच बाजूला दुखणे, आणि जवळच्या नात्यात आतड्याचा दाह, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा सिलियाक आजार किंवा जठराचा अल्सर. हिरवी उलटी, फुगून कडक झालेले पोट, बेंबीपासून उजवीकडे खाली सरकून वाढत जाणारे दुखणे, किंवा मुलग्याच्या ओटीपोटात अचानक सुरू झालेली तीव्र कळ यांसाठी थेट रुग्णालय गाठावे. शेवटच्या प्रसंगी अंडकोश तपासणे आवश्यक असते. त्याला पीळ बसला असेल तर हातात फार थोडे तास असतात. नेहमी पोट दुखणाऱ्या मुलालाही ॲपेंडिक्सचा त्रास होऊ शकतो, म्हणून ‘आजचे दुखणे नेहमीसारखेच आहे का?’ हे मुलाला विचारावे.

वरचे एकही लक्षण नसेल तर लघवी, हिमोग्लोबिन, दाह दाखवणारी रक्तचाचणी आणि सिलियाकची चाचणी एवढ्या मोजक्या तपासण्या बहुधा पुरतात. सोनोग्राफी अनेकदा धीरापेक्षा धास्तीच देते. निरोगी मुलांच्या पोटातही काही मिलिमीटरच्या लसिका ग्रंथी दिसतात. अहवालात त्यांचा उल्लेख येतो, ‘पोटात गाठी’ हे शब्द घरभर पसरतात आणि पुढचे दोन महिने त्यांचाच पाठलाग होतो.

पालकांना धीर देण्याचे काम तपासण्यांच्या आधी सुरू व्हायला हवे. ‘सगळे नॉर्मल आहे, काही नाही’ हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करते. त्यातून आईला ऐकू येते की मुलगी खोटे बोलते, किंवा डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी सुटले. आधी विचारावे, ‘तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?’ बहुतेक वेळा उत्तरामागे घरातल्या कुणाचे तरी आजारपण असते. त्या आजाराचे नाव घेऊनच तो का वाटत नाही हे समजवावे. मग निदान सांगावे: ‘ताई, ती नाटक करत नाही, तिला खरंच दुखतं. हिच्या आतड्याच्या नसा हळव्या झाल्यात, आतड्याला इजा नाही. रक्ताच्या तपासण्या करू, त्या बहुतेक चांगल्याच येतील.’ असे आधी सांगितले असेल तर चांगला अहवाल निदान पक्के करतो, कोडे वाढवत नाही.

घरी काय करायचे याबद्दल अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिन वॉकर यांचा २००६ मधला प्रयोग बोलका आहे. मुलांना भरपूर पाणी प्यायला देऊन पोटात अस्वस्थता निर्माण केली. पालकांनी त्या त्रासाकडेच लक्ष दिले तेव्हा तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, दुसरीकडे लक्ष वळवले तेव्हा निम्म्यावर आल्या. लक्ष वळवणे मुलाला जाचेल अशी धास्ती मात्र पालकांनाच जास्त वाटत होती. म्हणून ‘दुखतंय का गं?’ हा दर तासाचा प्रश्न थांबवावा. दुखले तर जवळ घ्यावे, थोडा शेक द्यावा आणि हातातले काम पुढे चालू ठेवावे. शाळा बुडवू नये. वर्गात दुखले तर दहा मिनिटे पडून परत वर्गात यायचे, हे शिक्षकांशी आधीच ठरवावे. मात्र शाळेत कुणी त्रास देते का, याची शांतपणे चौकशी करावी. औषधांचा आधार कमकुवत आहे. दुखणे हटत नसेल तर वर्तनोपचार आणि आतड्यावर केंद्रित संमोहनोपचार यांचा गुण औषधांपेक्षा चांगला दिसला आहे.

उदाहरणातल्या मुलीला सहा आठवड्यांनी पुन्हा बोलवायचे. दुखणे पूर्ण थांबलेले असेलच असे नाही, आणि तसे वचनही देऊ नये. आठवड्यातून एकदा दुखते, पण शाळा एकच दिवस बुडाली, हीच सुधारणा. वजन पुन्हा घ्यायचे, धोक्याच्या लक्षणांची विचारपूस पुन्हा करायची, आणि पुढची तारीख दुखो न दुखो ठरवून द्यायची, म्हणजे डॉक्टरांकडे येण्यासाठी मुलीला दुखण्याची गरज उरत नाही.