आउटबोर्ड इंजिनाची निगा

नावेच्या मागच्या फळीला अडकवून चालवायच्या, खाली पंखा असलेल्या पेट्रोल इंजिनाला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. गोसीखुर्द, इटियाडोह अशा विदर्भातल्या जलाशयांच्या पाण्यात मीठ नसल्याने गंजाचा त्रास कमी, पण गाळाचा त्रास मोठा. इंजिन थंड ठेवणारे पाणी खालच्या जाळीतून आत येते आणि आतला रबरी पंखा ते वर ढकलतो. गढूळ पाण्यात हा पंखा झिजतो आणि पाण्याच्या वाटा बुजतात.

म्हणून पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर इंजिन धुवावे. मागचा पंखा काढून इंजिन स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये जाळी पूर्ण बुडेल असे ठेवावे आणि न्यूट्रलमध्ये दहा मिनिटे मंद चालवावे. मागून पाण्याची धार जोरात पडली पाहिजे. धार बारीक झाली तर लगेच बंद करून तिचे छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. पाण्याबाहेर इंजिन क्षणभरही चालवू नये. कोरडा रबरी पंखा काही सेकंदांतच खराब होतो.

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. बऱ्याच इंजिनांना ५०:१ प्रमाण चालते, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली तेल. नव्या इंजिनाला सुरुवातीला जास्त तेल लागते, ते पुस्तिकेत पाहावे. तेल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचे घ्यावे; मोटरसायकलचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते, त्याने प्लगवर काजळी धरते.

पावसाळाभर पडून राहिलेले इंजिन सुरू होत नाही, याचे कारण बहुधा पेट्रोलच असते. आता पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल पाणी शोषते. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतले किंवा झाकणातून झिरपलेले पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाण्याचा थर तळाशी बसतो. टाकीतली नळी नेमका हाच थर ओढते. त्यात तेल नसल्यासारखेच असते, म्हणून इंजिन चुकून सुरू झालेच तर पिस्टन जाम होण्याचा धोका असतो.

दोरी ओढून ओढून थकण्याआधी इंजिन बंद करणाऱ्या बटणात बसणारी लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का आणि पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का, ते पाहावे. हे ठीक असेल तर टाकीच्या तळातले पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवावे. दोन थरांमधली रेघ दिसली, तर सगळे पेट्रोल काढून टाकावे; ढवळून ते पुन्हा नीट मिसळत नाही, आणि वरचा थरही भरवशाचा राहत नाही. मग कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून ती रिकामी करावी, नळी ताज्या मिश्रणाने धुवून घ्यावी आणि प्लग काढून पुसावा. प्लग ओला असेल तर चोक न लावता, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी चार-पाचदा ओढावी. प्लग कोरडाच राहिला तर पेट्रोल पोहोचतच नाही. तेव्हा जेट साफ करावा लागतो.