किलोमीटरमागे वीतभर उतार

दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराला रोमन काळात पाणी मिळायचं ते युझेस गावाजवळच्या एका झऱ्याचं. सरळ रेघ मारली तर हे अंतर वीसेक किलोमीटर भरतं, पण मध्ये डोंगर आहेत. म्हणून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला बांधलेला पाट त्यांना वळसा घालत जवळजवळ ५० किलोमीटर फिरून शहरात पोचतो. एवढ्या वाटेत तो खाली उतरतो फक्त १२.६ मीटर, म्हणजे साधारण चार मजली इमारतीएवढा. किलोमीटरमागे हिशेब केला तर २५ सेंटिमीटर, जेमतेम एक वीत.

रोमन जलवाहिनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कमानींचा पूल येतो. नीमच्या वाहिनीवर असा एक पूल आहेच: गार्दों नदीवरचा तीन मजली पाँ द्यु गार, सुमारे ४९ मीटर उंच. पण खरी करामत त्या वीतभर उतारात आहे. पंप नव्हते, सगळं काम उताराच्या जोरावर व्हायचं. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने धावून पाटाचा गिलावा खरवडतं, आणि शहर येण्याआधीच सगळी उंची खर्ची पडते. उतार कमी पडला तर पाणी तुंबतं आणि काठांवरून सांडतं.

हा उतार मोजला कशाने? वित्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने पाण्याच्या कामासाठी सगळ्यात भरवशाचं म्हणून ज्या साधनाचं वर्णन केलं आहे, ती सुमारे सहा मीटर लांबीची लाकडी पट्टी होती. तिच्या दोन्ही टोकांना पाय आणि पायांवर आडव्या दांड्या. वरून ओळंबे सोडायचे. त्यांच्या दोऱ्या दांड्यांवरच्या खुणांशी जुळल्या की पट्टी समपातळीत आली. वाऱ्याने ओळंबे हलू लागले तर पट्टीवर कोरलेल्या खोबणीत पाणी भरून पातळी बघायची. आपल्या गवंड्यांची पाणसळ याच तत्त्वावर चालते.

आता चूक किती महाग पडते ते बघा. समजा सहा मीटर लांबीची ही पट्टी पुढे पुढे मांडत मोजणी केली, तर ५० किलोमीटरसाठी ती आठ हजारांहून जास्त वेळा मांडावी लागेल. प्रत्येक वेळी एकाच बाजूला फक्त एक मिलिमीटर चूक झाली, तर शेवटी फरक पडतो आठ मीटरांहून जास्त. एकूण उतारच १२.६ मीटर! प्रत्यक्षात चुका कधी इकडे, कधी तिकडे होतात आणि बऱ्याच आपोआप फिटतात. तरीही अशा कामात तीच वाट पुन्हा उलट दिशेने मोजून ताळा जुळवण्यावाचून गत्यंतर नसतं.

नीमच्या अभियंत्यांनी उतार सगळीकडे सारखाही ठेवला नाही. सारखा ठेवला असता तर नदी ओलांडताना पाट आणखी उंचावर आला असता आणि पूल न झेपण्याइतका उंच बांधावा लागला असता. म्हणून पुलाच्या अलीकडे त्यांनी पाट जरा जास्त उतरवला. त्यामुळे पुलाची उंची सुमारे सहा मीटरांनी वाचली. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागली, कारण पुलानंतरच्या लांब वाटेसाठी उंची फारच थोडी उरली. काही ठिकाणी उतार २० हजारांत एक इतका कमी आहे, म्हणजे किलोमीटरला पाच सेंटिमीटर. पाणी सोडल्यावर या सपाट भागात ते अडलं, मागे फुगलं आणि पुलावरच्या पाटाचे काठ अपुरे पडू लागले. तेव्हा पाटाच्या भिंती चढवून घ्याव्या लागल्या. ही दुरुस्ती आजही तिथल्या बांधकामात दिसते. मला पुलाच्या उंचीपेक्षा ती जास्त बोलकी वाटते, कारण आकडेमोड कुठे कमी पडली आणि माणसांनी ती कशी सावरली, हे त्या वाढीव भिंतीत वाचता येतं.

वाहिनीचा बहुतेक भाग जमिनीखाली आहे. चर खणायचा, त्यात दगडी पाट बांधायचा, वर कमानदार छत घालायचं आणि माती लोटून झाकून टाकायचा. पाट साधारण सव्वा मीटर रुंद आणि माणसाला आत उतरून साफसफाई करता येईल इतका उंच. आतून लावलेला गिलावा चुन्याचा, पण नुसत्या चुन्याचा नव्हे. त्यात भाजलेल्या विटा-कौलांचा चुरा मिसळलेला. आपल्याकडच्या जुन्या बांधकामात हाच चुरा सुरखी म्हणून ओळखला जातो. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो. सतत ओलीत राहिला तर त्याला ते जमत नाही. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना मात्र चुन्याशी पाण्यातच संयोग पावतात, आणि गिलावा पाण्याखालीही घट्ट होतो.

समुद्रातल्या धक्क्यांसाठी रोमनांनी हीच युक्ती वापरली, फक्त विटांच्या जागी ज्वालामुखीची राख घेतली. ही राख नेपल्सजवळच्या पोत्स्वोली भागात मिळायची. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दशकांत हेरोद राजाने आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावर सीझरिया बंदर बांधलं, तेव्हा तीच राख इटलीहून जहाजांनी नेली गेली. लाकडी साचे समुद्रात बुडवून त्यांत राख, चुना आणि दगडांचं मिश्रण भरलं, आणि ते खाऱ्या पाण्यातच दगडासारखं झालं.

झऱ्यातून निघालेलं पाणी नीमला पोचायला सव्वा दिवसाच्या आसपास लागायचं, म्हणजे त्याची चाल रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. शहराच्या उंच भागात ते एका गोल दगडी हौदात पडायचं. हा हौद आजही जागेवर आहे. त्याच्या भिंतीत दहा मोठी भोकं आहेत; त्यांतून शिशाचे नळ निघून शहराच्या वेगवेगळ्या भागांत जात. तळाशी आणखी तीन भोकं आहेत, हौद रिकामा करण्यासाठी. सार्वजनिक कारंज्यांतून पाणी रात्रंदिवस वाहत असे आणि जादा झालेलं गटारं धुऊन पुढे जाई.

कुणाला किती पाणी, हे नळाच्या तोंडाच्या आकारावरून ठरायचं. याची सगळ्यात तपशीलवार माहिती मिळते ती रोम शहराची. इसवी सन ९७ मध्ये फ्राँतिनुस तिथल्या पाणीखात्याचा प्रमुख झाला, तेव्हा त्याने दप्तर तपासलं. कागदावरचं पाणी आणि उगमाशी त्याने स्वतः मोजलेलं पाणी जुळत नव्हतं. मुख्य वाहिनीला चोरून भोकं पाडलेली होती, आणि काही तोट्या मंजूर मापापेक्षा मोठ्या व शिक्क्याविना बसवलेल्या होत्या. त्याच्या मापात मात्र एक मुळातली उणीव राहिली. तो भोकाचं क्षेत्रफळ मोजायचा, पाण्याचा वेग मोजायचा नाही. वेगाने धावणारं पाणी त्याच भोकातून जास्त निघतं हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण वेगाला आकडा लावायची रीत त्याच्याकडे नव्हती.

नीमच्या वाहिनीला शेवटी अडवलं ते झऱ्याच्याच पाण्याने. चुनखडीच्या डोंगरातून येणारं हे पाणी क्षारांनी जड आहे. घरातल्या गीझरमध्ये जसा पांढरा थर धरतो, तसाच पाटाच्या दोन्ही भिंतींवर धरत गेला, आणि काही ठिकाणी अर्ध्या मीटरच्या जवळ जाडीचा झाला. मोकळी वाट उरली ती निम्म्याहून कमी. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे हे थर संशोधकांना वाचता येतात. जुने थर स्वच्छ आणि घट्ट आहेत. चौथ्या शतकानंतरच्या थरांत माती आणि मुळांचे अवशेष दिसतात. म्हणजे तोवर छताच्या फटी बुजवणारं आणि पाट साफ करणारं कुणी राहिलं नव्हतं.

पाणी बंद पडल्यावर आसपासच्या लोकांनी तो क्षार चिऱ्यांसारखा कापून नेला. मध्ययुगात तिथल्या चर्चच्या आणि घरांच्या भिंतींत तो बांधकामाचा दगड म्हणून बसवला गेला.