जीपीएफची कपात आणि पेन्शन

"जुन्या पेन्शनसाठीही दर महिन्याला जीपीएफ कापला जायचाच की! मग एनपीएसमध्ये वेगळं काय?"

जीपीएफ आणि पेन्शन ही दोन वेगळी खाती आहेत. जीपीएफ म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याचा भविष्य निर्वाह निधी, तुमची स्वतःची बचत. पगाराच्या किमान 6 टक्के कापले जातात आणि निवृत्तीला व्याजासह सगळे परत मिळतात. पेन्शनसाठी मात्र पगारातून छदामही कापला जात नसे, ती सरकारच्या चालू तिजोरीतून येते. खात्री हवी असेल तर मुलीच्या लग्नासाठी जीपीएफ काढलेल्या एखाद्या निवृत्त गुरुजींना विचारा. त्यापायी त्यांची पेन्शन एक रुपयानेही घटलेली नसते.

महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून सरकारी नोकरीत रुजू झालेल्यांना नवी पेन्शन योजना, म्हणजे आजची एनपीएस, लागू झाली. तिथे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कपात होते, सरकार 14 टक्के घालतं आणि पैसा बाजारात गुंततो.

समजा, शेवटचा मूळ पगार 60,000 आहे. जुन्या हिशेबाने पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे 30,000, वर महागाई भत्ता. एनपीएसमध्ये 60 लाख साठले आणि त्यातले किमान 40 टक्के, म्हणजे 24 लाख, ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेत, गेले, तर साडेसहा टक्क्यांनी महिन्याला 13,000 येतात. उरलेले 36 लाख हातात पडतात, हे विसरून तुलना करणं खोटेपणाचं. पण त्या 13,000 वर महागाई भत्ता नाही. वीस वर्षांनीही ते साधारणपणे 13,000च.