जोड कापणे आणि कपलिंग सोलणे

सोल्युशन लावून बसवलेला पीव्हीसीचा जोड पुन्हा उघडता येत नाही, कारण सोल्युशन गोंदासारखे मध्ये राहत नाही. ते पाइप आणि कपलिंग या दोहोंचा पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते. म्हणून गळका जोड ‘काढा’ असे सांगितले की त्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे कपलिंग आतल्या पाइपसकट कापून टाकणे, आणि दुसरा म्हणजे पाइप जागेवर ठेवून त्यावरचे कपलिंग सोलून काढणे. पहिले काम पाच मिनिटांचे आहे आणि जमेल तिथे तेच करावे.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नसल्याने बहुतेक गच्च्यांवर टाक्या असतात. आमच्या गच्चीवर भिंतीतून एक इंची पाइप जेमतेम पाच सेंटिमीटर बाहेर आलेला होता आणि त्यापैकी सुमारे तीन सेंटिमीटर कपलिंगमध्ये गेले होते. कपलिंगलगत कापले असते तर दोनच सेंटिमीटर उरले असते, आणि नव्या कपलिंगला तीन लागतात. भिंत फोडायची नसेल तर इथे सोलण्यावाचून इलाज नव्हता. टाकीच्या बाजूला पाइप भरपूर होता, म्हणून तिथे सरळ कापून नवा तुकडा आणि दुसरे कपलिंग घातले.

सोलताना प्रथम कपलिंग मधोमध कापून भिंतीकडचा अर्धा भाग ठेवावा. भिंतीकडच्या तोंडाशी कपलिंगची जाडी दिसते. तिच्या पाऊण भागापर्यंतच हॅक्सॉ ब्लेडने लांबीच्या दिशेने, बोटभर अंतरावर दोन चिरा द्याव्यात. उरलेला पाव भाग कापायचा नसतो, तो फोडायचा असतो. त्यासाठी कपलिंग हीट गनने फिरवत फिरवत मऊ करावे, चिरेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून पिळावा आणि सुटलेली पट्टी पकडीने ओढावी; एक पट्टी निघाली की उरलेले कडे बरेच सहज येते. पाइपही दबू लागला तर लगेच थांबून तो थंड होऊ द्यावा. गोलाई टिकावी म्हणून आत बसेल असा लाकडी दांडका घातलेला बरा. स्टोव्ह किंवा मशालीची ज्योत मात्र नको, कारण जळणाऱ्या पीव्हीसीतून घशाला झोंबणारा विषारी धूर निघतो.

शेवटी पाइपवरून नख आडवे फिरवून पाहावे. नख अडकण्याइतकी उभी चीर असेल तर पाणी पुन्हा त्याच वाटेने येईल, कारण सोल्युशन एवढी खाच भरून काढत नाही. किरकोळ ओरखडे आणि जुन्या सोल्युशनचे उंचवटे पॉलिश पेपर गोल फिरवून घासावेत, पण हात आखडता ठेवावा. नवे कपलिंग कोरडेच घालून पाहिले असता ते अर्ध्याच्या आसपास अडले पाहिजे. आपोआप तळाशी गेले तर पाइप जास्त घासला गेला आहे आणि तो जोड धरणार नाही.