हसू आलं, पण जाहिरात कशाची होती?

२०१५ साली अमेरिकेतल्या गायको या विमा कंपनीने यूट्यूबसाठी एक जाहिरात केली. एक कुटुंब जेवायला बसलंय. आई म्हणते, माझे नकोत, बचतीचे आभार माना. लगेच सगळे जिथल्या तिथे थिजतात, पडद्याच्या मधोमध कंपनीचं नाव येतं आणि निवेदक सांगतो: ही जाहिरात तुम्ही स्किप करू शकत नाही, कारण ती संपलीसुद्धा! स्किपचं बटण ५ सेकंदांनी दिसतं. तोवर कुणाची जाहिरात आणि कशाबद्दल, दोन्ही सांगून झालेलं असतं. खरी धमाल त्यानंतर. माणसं पुतळ्यासारखी बसलेली आणि घरचा भलामोठा कुत्रा टेबलावर चढून सगळ्यांच्या ताटातलं खातोय. हे सगळं चालू असताना कंपनीचं नाव पडद्यावरून हलत नाही. कान लायन्स या जाहिरातींच्या महोत्सवात त्या वर्षी या जाहिरातीला फिल्म विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

यातली खरी हुशारी कुत्र्यात नाही, क्रमात आहे. विनोद समजायला डोक्याला काम करावं लागतं. आधी काहीतरी विसंगत दिसतं, मग मेंदू त्याची संगती लावतो, आणि ती लागली की हसू येतं. त्या दोन-तीन सेकंदांत लक्ष तिथेच गुंतलेलं असतं. नेमकं तेव्हाच कोपऱ्यात कंपनीचं नाव दाखवलं, तर ते दिसूनही नोंदलं जात नाही. नेदरलँड्समध्ये स्ट्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नजर कुठे जाते हे यंत्राने टिपलं. लोकांची नजर विनोदी मजकुरावर जास्त वेळ रेंगाळली, शेजारच्या उत्पादनावर कमी, आणि ब्रँड ओळखतानाही त्यांची गडबड झाली. गंमत अशी की याच गटाच्या आधीच्या अभ्यासात, विनोदासोबत पाहिलेलं उत्पादन लोकांना जास्त आवडल्याचं दिसलं होतं. म्हणजे नाव लक्षात राहिलं नाही तरी गोडवा चिकटतो. माझ्या मते, दुकानात समोर दिसणाऱ्या ओळखीच्या ब्रँडला तेवढं पुरेल. पण गादी काही रोज घेत नाही कुणी. नव्या गादीवाल्याचं नाव चार महिन्यांनी आठवलं नाही, तर त्या गोडव्याचं तो काय करणार?

मग करायचं काय? संगती लावण्याची किल्लीच संदेशाला करायची. पंधरा सेकंदांची एक काल्पनिक जाहिरात घेऊ. सांगायचं इतकंच: या गादीवर एकाने कूस बदलली किंवा उठला, तर दुसऱ्याला धक्का जाणवत नाही.

पहिला खर्डा असा. रात्री नवरा चोरपावलांनी फ्रिजपाशी येतो, श्रीखंडाचा डबा उघडतो, तोच मागून बायकोचा आवाज: "शुगरचा रिपोर्ट विसरलात वाटतं?" तो दचकतो, आणि शेवटी गादीचं चित्र. लोक हसतील, पण हा विनोद श्रीखंडाचा झाला. गादीच्या जागी फ्रिज, चमचा किंवा मधुमेहाची गोळी ठेवली तरी तो तसाच चालेल. त्याहून वाईट म्हणजे बायको जागी झाली, म्हणजे गादी हललीच असणार!

आता तोच प्रसंग उलटा करू. नवरा हळूच उठतो. बायको गाढ झोपलेली, तिच्या उशाशी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. पाणी हलत नाही. तो खूश होऊन फ्रिजपाशी जातो, डबा उघडतो, तर डबा चाटूनपुसून साफ! कट. बायको तशीच झोपलेली, मिशीएवढं श्रीखंड ओठावर. निवेदक: "ती कधी उठली, तुम्हालाही कळलं नाही." मग नाव, आणि त्यावर दोन सेकंद शांतपणे थांबायचं. इथे हसायचं असेल तर डोक्याला आधी उमजावं लागतं की तिच्या उठण्याने गादी हलली नव्हती. म्हणजे जाहिरातीचं म्हणणं समजल्याशिवाय विनोदच कळत नाही.

विम्यात आणखी एक अडचण आहे. मार्टिन आइझेंड यांनी २००९ साली विनोदी जाहिरातींवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. विनोदाने लक्ष वेधलं जातं, जाहिरात आवडते, पण सांगणाऱ्याची विश्वासार्हता घटते, असं त्यातून निघालं. हप्ता किती कमी होईल किंवा फॉर्म किती सोपा आहे, हे हसत सांगता येतं. क्लेम कधी नाकारला जाईल, हे मात्र सरळच सांगावं. त्यात कोटी घुसडली की ऐकणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी लपवलंय. आणि थट्टा करायची तर फॉर्मच्या जंजाळाची करावी, अपघात झालेल्याची नव्हे.

जमलंय की नाही, हे ऑफिसातल्यांना विचारून कळत नाही. त्यांना कंपनीचं नाव आधीच पाठ असतं. अनोळखी माणसांना इतर जाहिरातींच्या गर्दीत ती दाखवावी आणि दुसऱ्या दिवशी, नाव न घेता, "काल काय काय पाहिलंत?" एवढंच विचारावं. जाहिरात क्षेत्रात याला 'डे-आफ्टर रिकॉल' म्हणतात. कुणी म्हणालं, "ते श्रीखंडवालं मस्त होतं", तर खर्डा परत लिहायला घ्यावा. "ती गादी नाही का, बायको उठली तरी नवऱ्याला पत्ता नाही", असं म्हणालं तर फक्त नावाचं काम उरतं: ते आणखी एक सेकंद थांबवावं किंवा निवेदकाच्या तोंडी घालावं.