एका पानाचा ऑडिट सारांश : अर्धसमासापासून संचालकांच्या टेबलापर्यंत

मराठवाड्यात ऑडिट म्हटलं की आधी जिल्हा परिषद आठवते, मग पतसंस्था आणि साखर कारखाना. खासगी कारखान्यातलं अंतर्गत ऑडिट फार उशिरा आलं. त्यामुळे आज लातूरच्या तेल गिरणीत किंवा जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये अंतर्गत ऑडिटचा अहवाल येतो, तेव्हा तो लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मनात साचा असतो सरकारी ऑडिटचा. या अहवालावर संचालकांसाठी जो एका पानाचा सारांश लावतात, त्याची अडचण इथूनच सुरू होते. तो साचा वेगळ्या वाचकासाठी बनला होता.

1956 मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्राचा भाग झाला. त्याबरोबर मुंबईकडची ऑडिटची पद्धतही इथे रुजली. 1930 च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यावर उभी असलेली ही पद्धत जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या कुणालाही तोंडपाठ असते. ऑडिट पार्टी येते, दप्तर मागते आणि अर्धसमास देते. अर्धसमास म्हणजे मधोमध उभा दुमडलेला कागद. एका बाजूला आक्षेप लिहायचा, दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी सोडायची. कल्पना उत्तम होती. प्रश्न आणि जबाब एकाच नजरेत यावेत म्हणून ती बनली. पण उत्तराच्या बाजूला हळूहळू दोनच वाक्यं कायमची मुक्कामाला आली : ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ आणि ‘तरी सदर परिच्छेद वगळण्यात यावा ही विनंती’. कोण दक्षता घेणार, कधीपासून, कशी, याला त्या कोऱ्या बाजूत जागा भरपूर होती, पण कुणी विचारतच नव्हतं. कागदाचं काम आक्षेप वगळून घेण्याचं झालं, दोष दुरुस्त करण्याचं मागे पडलं.

सहकारात थोडं पुढचं पाऊल पडलं. 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यातच निबंधकाने दरवर्षी संस्थेचं ऑडिट करावं किंवा करवून घ्यावं अशी तरतूद होती. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्याने कलम 82 खाली दोषदुरुस्ती अहवाल मागितला. सचिव मंडळी त्याला ‘नमुना ओ’ म्हणतात. म्हणजे दोष दाखवणं आणि दुरुस्तीचा हिशेब देणं ही दोन वेगळी कामं आहेत हे कायद्याने मानलं. पण सभासदांपर्यंत पोचतं ते निराळंच. वार्षिक सभेच्या नोटिशीत आणि कॅलेंडरवर छापलेलं असतं, ‘ऑडिट वर्ग अ’. सारांश करायचा म्हणून अख्ख्या अहवालाचं एक अक्षर करायचं, याहून आटोपशीर काय असणार! त्या अक्षरावरून संस्था बरी चालली आहे एवढं कळतं. थकबाकी कुठल्या कर्जात अडकली आहे आणि पुढच्या महिन्यात संचालकांनी काय ठरवायचं आहे, हे त्यातून कळत नाही.

तिकडे अंतर्गत ऑडिट वेगळ्या रस्त्याने वाढत होतं. 1941 मध्ये न्यूयॉर्कमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्स ही संस्था स्थापन झाली. कारखान्याच्या मालकासाठी, त्याच्याच सांगण्यावरून तपासणी करणाऱ्यांची ही संघटना. (एका पानाचा आग्रह ही मात्र ऑडिटरांची कमाई नाही. चर्चिलने 9 ऑगस्ट 1940 रोजी, युद्धाच्या ऐन धामधुमीत, लांबलचक टिपणांनी वेळ वाया जातो म्हणून आपल्या खात्यांना थोडक्यात लिहायची ताकीद दिली होती.) 1972 मध्ये अमेरिकेच्या महालेखापरीक्षक कार्यालयाने सरकारी ऑडिटची मानकं काढली. मुखपृष्ठाच्या रंगावरून ती पिवळं पुस्तक म्हणून ओळखली जातात. निष्कर्षाचे चार भाग या परंपरेत पक्के झाले : काय असायला हवं होतं, काय आढळलं, का घडलं, परिणाम काय. अंतर्गत ऑडिटरांनी त्याला पाचवा जोडला, काय करायचं. आजच्या एका पानाचा सांगाडा हाच आहे, फक्त क्रम उलटा. तपासणीत परिणाम शेवटी हाती लागतो, पानावर तो सगळ्यात आधी यावा लागतो.

आपल्याकडे कंपनी कायदा 2013 च्या कलम 138 ने अंतर्गत ऑडिट बंधनकारक केलं. शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्या कंपन्या त्यात आल्याच. त्यासोबत आदल्या वर्षी 200 कोटींची उलाढाल किंवा बँकांचं 100 कोटींहून जास्त कर्ज असलेल्या खासगी कंपन्याही आल्या. मराठवाड्याच्या दृष्टीने ही दुसरी ओळ महत्त्वाची. पोलाद आणि खाद्यतेल हे मोठ्या उलाढालीचे आणि बारीक नफ्याचे धंदे. कुटुंबाच्या मालकीची गिरणीही 200 कोटींची रेघ सहज ओलांडते. पण अशा कंपनीत ऑडिट समिती नसते, दर तिमाहीला अहवाल चाळणारे स्वतंत्र संचालक नसतात. अहवाल वाचायचा असतो काका, धाकटे भाऊ आणि पुण्याहून शिकून आलेला मुलगा यांनी. तोही आवारात गाड्यांची रांग लागलेली असताना. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या समितीसाठी बनलेलं पान इथे जसंच्या तसं चालत नाही.

हे एका उदाहरणावर पाहू. गिरणी कल्पित आहे, आकडे सोपे करून घेतलेले, पण दुखणं नेहमीचं. लातूर भागातली सोयाबीन तेल गिरणी, हंगामात दोन गेटवरून मिळून 1,20,000 क्विंटल खरेदी. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर टक्क्यामागे क्विंटलला एक किलो वजावट. अंतर्गत ऑडिटच्या अहवालात 23 मुद्दे. पहिला मुद्दा : किरकोळ खर्चाच्या व्हाउचरवर सह्या नाहीत. चौदावा मुद्दा : ‘गेट क्र. 2 वरील मॉइश्चर मीटरचे कॅलिब्रेशन रजिस्टर अद्ययावत नाही. व्यवस्थापनाने नियंत्रण बळकट करावे.’

आणि सारांशाचं पान? त्यात ऑडिटचा कालावधी, व्याप्ती, तपासणीची पद्धत, सहकार्याबद्दल आभार आणि एक तक्ता : उच्च जोखीम 2, मध्यम 9, कमी 12. चौदावा मुद्दा मध्यममध्ये. काकांनी पान वाचलं, मान डोलावली, सही केली. त्यांनी तरी दुसरं काय करायचं? करण्यासारखं त्यावर काही नव्हतंच.

खरं काम त्या चौदाव्या मुद्द्याच्या मागे जाण्यात आहे. ऑडिटरने गेट 2 वरच्या 60 गाड्यांचे राखून ठेवलेले, हवाबंद पिशव्यांतले नमुने ओव्हनमध्ये वाळवून तपासले. वाळवण्याआधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे ओलावा, यात मीटरचा भरवसा धरावा लागत नाही. मग काटापावतीवर झालेली वजावट आणि व्हायला हवी होती ती वजावट गाडीगणिक शेजारी मांडली. फरक सरासरी क्विंटलला 1 किलो 200 ग्रॅम. गेट 2 ची हंगामातली खरेदी 60,000 क्विंटल, म्हणजे 720 क्विंटल पाणी सोयाबीनच्या भावाने विकत घेतलं. भाव 4,500 धरला तर 32 लाख 40 हजार. इथे एक धोका आहे. तोच फरक गेट 1 लाही लावून आकडा दुप्पट करण्याचा मोह होतो. गेट 1 चे नमुने तपासलेलेच नाहीत. पानावर ‘अंदाजे 32 लाख, फक्त गेट 2, 60 गाड्यांच्या नमुन्यावरून’ एवढंच लिहायचं. खरेदी अधिकारी पहिला हल्ला आकड्यावरच करतो. आकडा एकदा डळमळला की बाकीचं पान कुणी वाचत नाही.

नंतर कारण. ‘रजिस्टर अद्ययावत नाही’ हे कारण नव्हे, ती खूण आहे. मीटर रोज ओव्हनशी पडताळायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. त्याच्याही मागचं कारण असं, की गेटची लॅब खरेदी विभागाच्या हाताखाली होती आणि त्या विभागाचा बोनस ठरत होता आवक किती झाली यावर. मीटर कमी ओलावा दाखवत असेल तर अडते खूश, आवक वाढते, तक्रार कुणाचीच नाही. कुणी जाणूनबुजून केलं असं म्हणायला पुरावा नाही आणि तसा वास येईल असा शब्दही पानावर नको. तसा संशय असेल तर तो अध्यक्षांना स्वतंत्र सांगायचा. सारांशाच्या प्रती चार टेबलांवर फिरतात.

आता पानाचा वरचा भाग असा होतो :

‘गेट 2 वर ओलावा कमी मोजला गेल्याने गेल्या हंगामात अंदाजे 32 लाखांची जादा रक्कम दिली गेली (60 गाड्यांचा नमुना). गेट 1 तपासलेला नाही. कारण : मीटरची पडताळणी कुणाकडेच नाही आणि लॅब खरेदी विभागाच्या अखत्यारीत आहे. संचालकांनी ठरवायचे : गेटची लॅब ऑक्टोबरच्या हंगामाआधी क्वालिटी विभागाकडे द्यायची का. आधीच मान्य झालेले : दोन्ही मीटर रोज पहिल्या गाडीआधी एका नमुन्यावर ओव्हनशी पडताळणे, जबाबदारी क्वालिटी प्रमुख, 1 ऑक्टोबरपासून. गेलेली रक्कम वसूल होणार नाही, कारण नमुन्यांवर विक्रेत्याची सही नाही.’

संचालकांनी ठरवायची गोष्ट आणि खालच्या पातळीवर मान्य झालेली गोष्ट इथे वेगळी ठेवली आहे, हे मला या पानातलं सगळ्यात कामाचं वाटतं. लॅब कुणाच्या हाताखाली असावी हे क्वालिटी प्रमुख ठरवू शकत नाही, आणि रोजचा नमुना काकांनी पाहायचं कारण नाही. दोन्ही एकाच यादीत टाकलं की सोपी गोष्ट मंजूर होते, अवघड ‘पुढील बैठकीत’ जाते. वसुली होणार नाही हेही लिहिलंच पाहिजे, कारण मालकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

बाकी 22 मुद्द्यांचं काय? उच्च जोखमीचे दोन मुद्दे याच पद्धतीने प्रत्येकी चार-पाच ओळींत येतात. उरलेल्यांना एक वाक्य पुरतं : विभागप्रमुखांशी बोलणं झालं आहे, तपशील अहवालात. व्हाउचरवरच्या सह्या या पानावर येत नाहीत. तिथे ऑडिटरची कुरकुर ठरलेली : मेहनत दिसत नाही. दिसू नये. मेहनत दाखवायला मागे 40 पानांचा अहवाल आहे.

इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्सची नवी जागतिक मानकं 9 जानेवारी 2025 पासून लागू झाली. त्यांत निष्कर्षावर काम करणाऱ्या व्यक्ती आणि पूर्ण होण्याची तारीख अंतिम अहवालात असावी असं स्पष्ट म्हटलं आहे. अर्धसमासाच्या कोऱ्या बाजूत जे भरलं जात नव्हतं, तेच हे. मात्र नाव आणि तारीख ऑडिटरने आपल्या मनाने टाकून चालत नाही. क्वालिटी प्रमुखाशी आधी बसून, त्याच्या तोंडून तारीख घ्यावी लागते. हंगामात त्याच्याकडे दोनच माणसं असतील तर रोजची पडताळणी ही कागदावरची गोष्ट राहणार, आणि मग माणसं वाढवण्याचा निर्णय संचालकांच्या ओळीत जातो.

पुढच्या तिमाहीच्या पानावर पहिली ओळ जुन्या निर्णयांची असते : लॅब हलली की नाही, पडताळणीचे किती दिवस चुकले. तोच मुद्दा तिसऱ्यांदा तसाच छापावा लागला, तर बहुधा कारणाची ओळ चुकीची लिहिली गेली आहे. अशा वेळी जोखीम ‘मध्यम’वरून ‘उच्च’ करून काही होत नाही. गेटवर जाऊन पहिली गाडी कोण तपासतो ते पुन्हा पाहावं लागतं.